शनीखाली ‘तुटलेली’ हृदयरेषा: एका साखरपुड्याआधी पाहिलेला हात

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात एक कुटुंब माझ्याकडे आलं. आई, वडील आणि २८ वर्षांची मुलगी. मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्थळ ठरलं होतं, पत्रिका जुळली होती, दोन्ही घरं एकमेकांना पसंत होती. साखरपुड्याला बारा दिवस उरले असताना मुलाच्या मामांनी मुलीच्या तळहाताचा फोटो मागवला आणि त्यांच्या ओळखीच्या एका हात पाहणाऱ्याला दाखवला. त्याने सांगितलं, हृदयरेषा मधल्या बोटाखाली, म्हणजे शनीच्या उंचवट्याखाली तुटलेली आहे, पहिलं लग्न टिकणार नाही. मुलाकडच्यांनी साखरपुडा ‘जरा पुढे’ ढकलला.

वडील म्हणाले, “ताई, खरं असेल ते सांगा. फक्त आडून सांगू नका.”

मी बावीस वर्षं हात पाहते. या विद्येवर माझं प्रेम आहे, म्हणूनच एक गोष्ट त्यांना बसल्या बसल्या सांगितली. हृदयरेषेवरून लग्न टिकेल की मोडेल हे कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि तसा निकाल मी देत नाही. परंपरेत त्या खुणेला काय म्हणतात आणि ती खूण हातावर खरंच आहे का, एवढं मी बघू शकते. दुसरा प्रश्न आधी सोडवायचा असतो, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

आधी तो फोटो मागितला. मुलीच्या फोनमध्ये होता. पुढच्या कॅमेऱ्याने, रात्री ट्यूबलाइटखाली, एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताचा काढलेला. मामांनी डावा हात मागितला होता, कारण आपल्याकडे बाईचा डावा आणि पुरुषाचा उजवा बघायची पद्धत आहे. मुलीने डाव्याचाच फोटो काढला होता. पण तिचा फोन सेल्फी आरशासारखी उलटी साठवतो. त्यामुळे फोटोत दिसत होता तो उजवा तळहात. हात पाहणाऱ्याने तो उजवा समजूनच वाचला आणि ‘उजव्या हाताची खूण म्हणजे पुढे घडणारच’ असंही वर जोडलं. उलटा फोटो नुसत्या तळहाताकडे पाहून ओळखता येत नाही, कारण डाव्या हाताचं प्रतिबिंब हुबेहूब उजव्यासारखंच असतं. फोटोत अंगठी, घड्याळ, तीळ, मागे काही अक्षरं असतील तरच कळतं. इथे मुलीच्या डाव्या अनामिकेवर एक पातळ चांदीची अंगठी होती. फोटोत ती दिसत होती आणि प्रत्यक्ष उजवा हात मोकळा होता. एवढं विचारलं असतं तरी चूक सापडली असती.

दुसरी अडचण हाताच्या ठेवणीची. एका हाताने फोन धरताना दुसरा हात आपोआप थोडा मिटतो. हृदयरेषा ही मुळात घडीची जागा आहे. स्वतःच्या हातावर करून बघा: तर्जनी सरळ ठेवून बाकीची तीन बोटं हळूहळू वाकवा. तळव्यावर जिथे घडी पडते ती हृदयरेषा, आणि ती तर्जनी-मधल्या बोटाच्या फटीकडे का वळते तेही लगेच समजतं. या घड्या आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या आसपासच तयार होतात. हात थोडा जरी मिटला तरी घडीच्या वरची त्वचा फुगून पुढे येते आणि तिच्या सावलीत खालची बारीक रेषा गडप होते. फोटोत शनीखाली जो ‘तुटलेपणा’ दिसत होता, तो बरोबर अशा सावलीच्या कडेला होता.

मी मुलीला खिडकीपाशी बसवलं. दुपारी साडेतीनचा उजेड बाजूने येत होता. रेषेची खोली बघायला असाच तिरपा उजेड लागतो, समोरून आलेल्या उजेडात सगळ्या रेषा सारख्या वाटतात. हात टेबलावर सैल ठेवायला सांगितला. ताणून धरला की बारीक रेषा पांढऱ्या पडून नाहीशा होतात. मग भिंग घेतलं.

डाव्या हातावर हृदयरेषा करंगळीखालच्या कडेपासून निघते. तिथे तिला तीन बारीक, वर जाणारे केसासारखे फाटे आहेत. मग रेषा खोल आणि स्वच्छ होऊन करंगळीखालचा, म्हणजे बुधाचा उंचवटा ओलांडते. अनामिकेखाली, म्हणजे रवीखाली, साधारण सात-आठ मिलिमीटरभर साखळीसारखे छोटे दुवे आहेत. त्यापुढे, शनीखाली पोहोचताना, ही रेषा पातळ होत होत संपते. फोटोत दिसलं होतं ते इथपर्यंत बरोबर होतं.

पण तिच्या खाली, जेमतेम तीन मिलिमीटर अंतरावर, दुसरी रेषा आहे. आणि ती वरची संपल्यावर सुरू होत नाही. अनामिका आणि मधलं बोट यांच्या फटीखालीच सुरू होते, जवळजवळ एक सेंटिमीटर वरच्या रेषेच्या सोबतीने चालते, आणि मग एकटी पुढे जाऊन छान कमान घेत वर वळते. शेवटी तिला दोन फाटे आहेत. एक थेट तर्जनीखाली, म्हणजे गुरूच्या उंचवट्यावर, दुसरा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत.

हे नुसत्या डोळ्यांवर सोडायचं नव्हतं, म्हणून ठसा घेतला. काचेवर छापखान्याची काळी शाई थेंबभर, रबरी रूळ फिरवून ती अगदी पातळ केली, मग रूळ तळव्यावर. कागदाखाली चार घड्यांचा रुमाल ठेवला. हे विसरलं की तळव्याचा खोलगट मधला भाग कागदाला टेकत नाही, ठशात पांढरा डाग उमटतो आणि तिथली रेषा ‘तुटली’ असं वाटतं. कितीतरी लोकांच्या हातावर असे खोटे तडे लिहून ठेवलेले मी पाहिले आहेत. शाई जाड झाली तर उलट होतं, बारीक रेषा बुजतात. दोन ठसे घेतले, दुसरा चांगला आला. नंतर मुलीने खोबरेल तेल आणि साबणाने हात धुतले.

त्या ठशावर मी आईवडिलांना पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. तुटलेली रेषा कशी दिसते? एक संपते, मध्ये कोरी त्वचा, मग पुढे दुसरी सुरू होते. इथे कोरी जागा नाही. दोन टोकं एकमेकींच्या पुढे गेली आहेत. जुने जाणकार याला तुटणं म्हणत नाहीत. परंपरेत तुटलेल्या हृदयरेषेचा अर्थ नात्यात अचानक पडलेला खंड असा सांगतात. ती कुठे तुटली यावरून कारणही सांगतात: शनीखाली तुटली तर नशिबाने, रवीखाली तुटली तर अहंकाराने, बुधाखाली तुटली तर चंचलपणाने. पण एक रेषा दुसरीच्या सोबतीने चालून मग हात सोडते, तेव्हा भावनेची दिशा सावकाश बदलते, तुटत नाही, असं म्हणतात. मी शिकले त्या घरात त्याला ‘रेषेने कूस बदलली’ असं म्हणत. माझ्या मते दोन्हींत भेद न करणं ही हृदयरेषा वाचताना होणारी सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

आईने विचारलं, “मग ती साखळी?” साखळीला पुस्तकात मनाचा अस्थिरपणा, एकावर जीव न ठरणं असं लिहिलेलं असतं. सबंध रेषा साखळीची असेल तर ते वर्णन वापरतात. इथे बोटाच्या एका पेराहूनही कमी जागा होती, आणि साखळी रवीखालची होती. अशा ठिकाणी मान, कौतुक, लोक काय म्हणतील यावरून मन दुखण्याचा काळ सांगतात. मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, “काकू, ते मात्र खरं आहे.” यावर मी काही जोडलं नाही. माणूस स्वतःहून जुळवून घेतो तेव्हा वाचणाऱ्याने जास्त सावध राहायचं असतं. ‘लोकांच्या बोलण्याने मन दुखतं’ हे वाक्य कुणालाही लागू पडेल.

आता कमान आणि शेवट. रेषेचा वाक पाहायचा तर ती बोटांकडे किती चढते आणि तिच्याखाली तळव्याच्या मधून जाणाऱ्या मस्तकरेषेपासून किती लांब राहते, दोन्ही बघावं लागतं. कमानदार, वर चढणारी हृदयरेषा असलेला माणूस जे वाटतं ते बोलून आणि वागून दाखवतो असं म्हणतात. पट्टीने आखल्यासारखी आडवी रेषा असेल तर भावना असते, पण आधी विचाराच्या चाळणीतून जाते आणि बऱ्याचदा आतच राहते. सरळ रेषेवाल्याला ‘कोरडा’ म्हणून टाकतात ते मला कधीच पटलं नाही. कोरडेपणा सांगतात तो सरळपणावरून नाही, तर बारीक, उथळ, एकही फाटा नसलेल्या रेषेवरून. या मुलीची रेषा अनामिकेपर्यंत जवळपास आडवी आणि त्यानंतर कमानदार आहे. म्हणजे आधी जपून, मग मोकळी.

शेवट ठरवताना बोटाखालचा उंचवटा नेमका कुठे आहे हे आधी शोधावं लागतं. बोटाच्या मधोमध उभी रेघ ओढून चालत नाही, कारण उंचवटे बहुधा थोडे कलंडलेले असतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक बोटाखाली त्वचेच्या बारीक धारा तीन बाजूंनी येऊन एका छोट्या त्रिकोणात भेटतात. ठशात तो त्रिकोण स्पष्ट उमटतो. तोच उंचवट्याचा मध्य धरायचा. या मुलीचा गुरूचा त्रिकोण थोडा शनीकडे झुकलेला आहे. नुसत्या अंदाजाने पाहणाऱ्याला आतला फाटा सहज शनीवरच गेल्यासारखा वाटेल.

आणि इथे त्या दोन-चार मिलिमीटरांवर वाचन पार बदलतं. हृदयरेषा गुरूच्या मधोमध संपली तर प्रेमात आदर्श, निष्ठा, माणूस पारखून घेण्याची वृत्ती सांगतात. तीच आणखी वर जाऊन तर्जनीच्या बुडाला टेकली तर आदर्श इतका ताणला जातो की समोरच्याचा साधा दोषही सहन होत नाही, मत्सर येतो, असं म्हणतात. तर्जनी-मधल्या बोटाच्या फटीत शिरली तर शांत, खोल, न बोलता निभावणारं प्रेम. शनीवरच थांबली तर देहाची ओढ जास्त आणि स्वतःच्या सुखाचा विचार आधी. फोटो पाहणाऱ्याने वरची रेषा शनीखाली संपलेली पाहिली, खालची पाहिलीच नाही, म्हणून त्याच्या हिशोबात ही मुलगी शेवटच्या गटात गेली. प्रत्यक्षात तिच्या रेषेचे दोन फाटे पहिल्या आणि तिसऱ्या जागी आहेत. एक फाटा गुरूवर आणि दुसरा फटीत, या जोडीला बहुतेक जुन्या वाचकांनी सुखाच्या, समतोल स्वभावाच्या खुणांत धरलं आहे.

उजव्या हातावर रेषा अखंड आहे, फटीत संपते, आणि मधल्या बोटाखालून एक छोटा फाटा खाली मस्तकरेषेकडे उतरतो, तिला टेकत मात्र नाही. टेकला असता तर मन आणि बुद्धी यांची ओढाताण, एखाद्या निर्णयात मनाला मुरड घालावी लागणं, असं सांगतात. न टेकलेल्या फाट्याबद्दल मी फार बोलत नाही.

वडिलांनी मग विचारलं ते महत्त्वाचं होतं: “ही कूस बदलणं कितव्या वर्षी?” यावर मी उत्तर दिलं नाही, आणि का दिलं नाही ते सविस्तर सांगितलं. हृदयरेषेची सुरुवात कुठली, यावरच एकमत नाही. कीरो या नावाने प्रसिद्ध असलेले आयरिश हस्तसामुद्रिक (१८६६–१९३६) ती गुरूकडून निघते असं धरून वाचत, आणि इंग्रजी वळणाचे पुष्कळ वाचक तसंच करतात. आज अनेक जण करंगळीकडून सुरू धरतात. एका पद्धतीत हा दुफाटा रेषेचं मूळ आहे, दुसऱ्यात शेवट. एकाच खुणेला एक पद्धत विशीत नेऊन ठेवेल आणि दुसरी साठीत. आपल्या जुन्या सामुद्रिकात तर प्रश्नच वेगळा आहे. तिथे करंगळीखालून निघणाऱ्या या रेषेला आयुरेषा म्हटलं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर्जनीपर्यंत पोहोचणारी रेषा शंभर वर्षांच्या आयुष्याची सांगितली आहे आणि जितकी आखूड तितकं आयुष्य कमी धरलं आहे. म्हणजे खेड्यातले एखादे जुने आजोबा हाच हात पाहून प्रेमाबद्दल चकार शब्द काढणार नाहीत, “पोर दीर्घायुषी आहे” म्हणतील. तीन परंपरा, एकच घडी. अशा रेषेवर मी वय मोजून सांगितलं तर ते वाचन राहत नाही, थाप होते. ज्याने ‘पहिलं लग्न’ असा क्रमांक लावून सांगितलं, त्याने ते कुठल्या पद्धतीने काढलं हे मामांनी विचारायला हवं होतं.

बोलणं संपत आलं तेव्हा वडिलांनी स्वतःचा उजवा हात पुढे केला. त्यांना एकाने सांगितलं होतं, अनामिकेखाली हृदयरेषेवर गाठ आहे, म्हणजे हृदयविकार येणार. दोन वर्षं ते त्या धास्तीत होते. मी बोटाने चाचपून पाहिलं. हरभऱ्याएवढी टणक गाठ, दाबल्यावर दुखणारी. सकाळी उठल्यावर ते बोट मिटलं की अडकतं का, विचारलं. अडकतं, आणि सोडवताना ‘टक्’ होतं, असं म्हणाले. मधुमेह दहा वर्षांचा. बोट वाकवणारी दोरी तळव्यात ज्या कड्याखालून सरकते ते कडं अनामिकेच्या बाबतीत याच रेषेच्या जवळ असतं. तिथे सूज आली की अशी गाठ लागते आणि बोट अडकतं. मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं. मी त्यांना त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. डॉक्टरांनीही तेच निदान केलं, एक इंजेक्शन दिलं आणि बोट मोकळं झालं. हृदयाच्या आजाराचं काहीही या रेषेवरून ठरत नाही. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर ईसीजी काढायचा. हात पाहणाऱ्याकडे यायचं नाही.

त्या संध्याकाळी मुलाच्या मामांचा मला फोन आला. आवाजात संशय होता, ते साहजिक होतं. मी त्यांना म्हटलं, “दादा, मी मुलीची बाजू घेऊन बोलत नाही. मागच्या कॅमेऱ्याने, दिवसा खिडकीपाशी, हात सैल ठेवून काढलेला नवा फोटो आणि ठशाचा फोटो तुम्हाला मिळेल. ज्यांना आधी दाखवलात त्यांनाच पुन्हा दाखवा. रेषा एकावर एक चढलेली दिसते का, एवढंच विचारा.” त्यांनी दाखवला. त्या गृहस्थांनी दिसते असं मान्य केलं, पण ‘तरी जपून’ असं म्हणाले. त्या ‘तरी जपून’मध्ये आणखी आठवडाभर गेला.

शेवटी मुलगा स्वतः आला, एकटाच. त्याने हात दाखवण्याआधी मी त्याला विचारलं, लग्नाबद्दल त्याला स्वतःला काही शंका आहे का. तो म्हणाला, नाही, पण घरात कुणाच्या मनात खुपत राहू नये. मग त्याचा हात पाहिला. सरळ, आडवी रेषा, मधलं बोट ओलांडून फटीच्या अलीकडेच संपलेली, फाटा नाही. मी परंपरा सांगते ते सांगितलं: भावना आत ठेवणारा माणूस, बोलायला वेळ लागतो. आणि हेही सांगितलं की त्याची रेषा सरळ आणि तिची कमानदार यावरून जोडी जुळते किंवा बिघडते असा कुठलाही नियम मी मानत नाही. तो हसला आणि म्हणाला, “बोलायला वेळ लागतो हे तिला आधीच माहीत आहे.” घरी जाऊन त्याने मामांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. फाल्गुनात लग्न झालं.

परवा मुलगी लॅबमधून येता येता डोकावली, तेव्हा तिच्या परवानगीने पुन्हा ठसा घेतला. चढलेल्या दोन रेषा होत्या तशाच आहेत, तितकंच अंतर, तितकीच सोबत. गुरूवरचा फाटाही तसाच. बुधाखालचे तीन केसासारखे फाटे मात्र आता दोनच उमटले. माझ्या जागी दुसरं कुणी त्यावरून काही वाचलं असतं. मी तिचा हात पुन्हा उजेडात धरला. लॅबमध्ये दिवसातून वीस-पंचवीस वेळा जंतुनाशकाने हात धुऊन करंगळीच्या बाजूची त्वचा खरखरीत झाली होती, सालपटं निघत होती. खोल घड्या टिकतात, पण वरवरच्या बारीक रेषा त्वचा कोरडी पडली, काम बदललं, वय वाढलं की पुसट होतात आणि परतही येतात. वहीत तिच्या जुन्या ठशाशेजारी नवा चिकटवला, तारीख टाकली आणि खाली लिहिलं: “त्वचा कोरडी. बुधाखालचे फाटे वाचू नयेत. पावसाळ्यानंतर पुन्हा ठसा.”